एलडीएल सतरानं उतरलं, म्हणजे नेमकं काय झालं?

समजा, ठाण्यातले एक 54 वर्षांचे गृहस्थ आहेत. जानेवारीत त्यांनी रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल 212, एचडीएल 44, ट्रायग्लिसराइड 150 आणि एलडीएल 138 आलं. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे. एलडीएलच्या आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’ छापलेलं होतं, कारण लॅबच्या छापील मर्यादेत 130 च्या वर सगळंच ‘हाय’ असतं. घरात चर्चा झाली. रोज सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या आणि संध्याकाळी चालणं असा बेत ठरला. एप्रिलमध्ये त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासलं, तर एलडीएल 121. ‘हाय’ गेलं आणि लसूण घरातल्या औषधांच्या यादीत कायमचा जाऊन बसला. ऑगस्टमध्ये तिसरा रिपोर्ट आला आणि त्यात एलडीएल 148. आता पत्नीला वाटतं, मधल्या काळात तुपाची वाटी जरा सैल सुटली. मुलाला वाटतं, लॅबनं गोंधळ केला. गृहस्थांना स्वतःला वाटतं, चालणं सुटलं त्याचा हा परिणाम.

हे गृहस्थ काल्पनिक आहेत, पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. रिपोर्टची खिडकी उघडली की रोज कुणीतरी जुना कागद पुढे करून विचारतं, ‘मागच्या वेळी एवढं होतं, आता एवढं कसं?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमकं उत्तरही आहे. ते आकड्यांत देता येतं. दुर्दैवानं ते रिपोर्टवर कुठेच छापलेलं नसतं. म्हणून माणसं 138, 121 आणि 148 या तीन आकड्यांमधून एक गोष्ट रचतात. त्या गोष्टीत कुणाला तरी श्रेय मिळतं, कुणावर तरी ठपका येतो, आणि कधीकधी त्यावरून गोळी सुरू होते किंवा बंद होते.

आधी एक गोष्ट पक्की करू. तुमच्या रक्तातल्या एलडीएलचा एक ठरलेला आकडा असतो आणि लॅब तो शोधून काढते, असं नाही. यकृत व्हीएलडीएल नावाचे, ट्रायग्लिसराइडनं भरलेले कण रक्तात सोडत असतं. ऊती त्यातली चरबी काढून घेतात, कण लहान होत जातात, आणि त्यातले काही शेवटी एलडीएल होतात. मग यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर ते एलडीएल पुन्हा आत ओढून घेतात. हे रिसेप्टर शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. म्हणजे एका बाजूनं भर पडते आहे, दुसऱ्या बाजूनं उपसा चालू आहे, आणि तुमचा आकडा म्हणजे त्या क्षणी दोहोंमधला समतोल. खाणं, झोप, शरीरातलं पाणी, हार्मोन, बारीकसारीक आजार यांनी हा समतोल रोज थोडा इकडेतिकडे होतो. काहीही बिघडलेलं नसतं. निरोगी शरीराची ती नेहमीचीच चाल आहे.

हा हेलकावा किती असतो, हे मोजलेलं आहे. पद्धत सोपी आहे. निरोगी, स्थिर माणसांचं रक्त काही आठवडे ठरावीक अंतरानं घ्यायचं, सगळी सॅम्पल एकदमच एकाच यंत्रावर लावायची आणि प्रत्येक माणसाचे आकडे त्याच्या स्वतःच्या सरासरीभोवती किती पसरतात ते बघायचं. हा पसारा सरासरीच्या टक्क्यांत सांगतात आणि लॅबवाले त्याला ‘सीव्ही’ म्हणतात. एकूण कोलेस्टेरॉलचा सीव्ही साधारण 5 ते 6 टक्के येतो, एचडीएलचा त्याच्या आसपास किंवा किंचित जास्त, एलडीएलचा सुमारे 8 टक्के. ट्रायग्लिसराइडचा मात्र 20 टक्क्यांच्या घरात जातो.

एकाच नळीतल्या रक्तात एवढा फरक का? कारण कण रक्तात किती वेळ टिकतात यात आहे. व्हीएलडीएलचा कण काही तासांत संपतो, एलडीएलचा दोन-तीन दिवस फिरत राहतो. रात्रीच्या एका पावसानं ओढ्याला पूर येतो, पण धरणाची पातळी बोटभरच हलते, तसं हे आहे. आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण किंवा दोन पेग दारू यांचा ठसा दुसऱ्या दिवशीच्या ट्रायग्लिसराइडवर सरळ उमटतो. एलडीएलच्या खऱ्या साठ्याला त्याची फारशी दखलही नसते.

आता लॅबची बाजू. कोलेस्टेरॉल मोजताना आपण ते थेट बघत नाही. सीरममध्ये एन्झाइम घालतात. एक एन्झाइम कोलेस्टेरॉलला चिकटलेलं फॅटी ॲसिड सोडवतं, दुसरं मोकळ्या कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, तिसरं त्या पेरॉक्साइडपासून गुलाबी रंग आणतं. रंग जितका गडद तितकं कोलेस्टेरॉल जास्त, आणि तो गडदपणा ॲनालायझर प्रकाशानं मोजतो. यात मायक्रोलिटरमध्ये घेतलेलं सॅम्पल, रिएजंटची बाटली उघडून किती दिवस झाले, तापमान, कॅलिब्रेशन, सगळ्यांचा वाटा आहे. म्हणून चांगली लॅब रोज सकाळी रुग्णांच्या आधी ‘कंट्रोल’ लावते. हे ठरलेल्या मूल्याचं सीरम असतं. त्याचा आकडा आलेखावर मांडून रेषेच्या आत आहे ना, हे बघूनच पुढचं काम सुरू होतं. शिवाय वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था बाहेरून अनोळखी सॅम्पल पाठवून लॅबची परीक्षा घेतात. इतकं सगळं करूनही थोडी थरथर उरतेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमानं एलडीएलसाठी घातलेली मर्यादा 4 टक्के सीव्हीची होती. तेवढी पाळणारी लॅब चांगली समजायला हरकत नाही.

म्हणजे शरीराचा हेलकावा 8 टक्के आणि यंत्राचा 4. दोन्ही मिळून 12 होत नाहीत, कारण दोन्ही हेलकावे दर वेळी एकाच दिशेला जात नाहीत. एक वर असताना दुसरा खाली असू शकतो. त्यांची बेरीज शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखी होते. आठाचा वर्ग 64, चाराचा 16, बेरीज 80, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास 9. एका रिपोर्टमधली एकूण अनिश्चितता ही एवढी, 9 टक्के. इथे जरा थांबून बघावं असं काही आहे. यंत्र अगदी निर्दोष असतं, तरी ती 8 टक्के उरलीच असती. रिपोर्ट बदलला की पहिला संशय लॅबवर जातो, पण चांगल्या लॅबचा त्यातला वाटा फार थोडा असतो. अधिक महागडी लॅब शोधून हा हेलकावा जात नाही.

पुढची पायरी दोन रिपोर्टची तुलना. जानेवारीचा आकडा हललेला आहे आणि एप्रिलचाही. दोन्हींतली अनिश्चितता जोडली की 9 चे सुमारे साडेबारा होतात. पुन्हा तीच काटकोन त्रिकोणाची बेरीज. शंभरातल्या 95 वेळा निव्वळ हेलकाव्यानं पडणारा फरक किती, असं विचारलं तर त्याची ढोबळमानानं दुप्पट घ्यायची. उत्तर येतं 25 टक्के. म्हणजे पाव हिस्सा. हॅरिस आणि यासाका या दोघांनी 1983 साली सलग दोन मोजण्यांसाठी हे गणित मांडलं, आणि आता प्रयोगशाळेच्या शास्त्रात ते रोजच्या वापराचं आहे. तेच गणित एकूण कोलेस्टेरॉलला लावलं तर 17 टक्क्यांच्या आसपास येतं, एचडीएलला वीसच्या जरा खाली, आणि ट्रायग्लिसराइडला 55 च्याही वर. ट्रायग्लिसराइड 150 वरून 230 झालं, तरी माणसात काहीच बदललेलं नसण्याची पूर्ण शक्यता राहते.

आता आपल्या गृहस्थांकडे परत येऊ. 138 वरून 121, म्हणजे 17 अंकांची घट, 12 टक्के. पाव हिस्सा म्हणजे 34 अंक व्हायला हवे होते. घट त्याच्या निम्मीच आहे. काहीही न करता, लसूण न खाता, न चालता, इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ हेलकाव्यानं किती वेळा पडतो? सुमारे तीनातून एकदा. आणि 121 वरून 148? ही वाढ 27 अंकांची, 22 टक्के. घाबरवणारी आहे, पण तीही पाव हिश्श्याच्या आतच बसते. तुपाच्या वाटीवर ठपका ठेवायला हा पुरावा पुरेसा नाही.

एक गोष्ट मात्र सांभाळून म्हणायला हवी. फरक हेलकाव्याच्या आत आहे, याचा अर्थ काहीच घडलं नाही असा होत नाही. रोज चालल्यानं, तूप-डालडा-फरसाण कमी केल्यानं खरंच पाच-सात टक्के घट झाली असू शकते. फक्त ती या दोन कागदांवरून दिसणार नाही. ‘फरक पडला नाही’ आणि ‘फरक पडला की नाही ते कळत नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आहार बदलल्याचा फायदा आपल्याला ठाऊक आहे, तो शेकडो माणसांच्या अभ्यासांवरून. तिथे प्रत्येकाचे हेलकावे एकमेकांना छेद देतात आणि मागे सरासरी घट उरते. एकट्या माणसाला स्वतःच्या दोन रिपोर्टमधून ते सिद्ध करता येत नाही. आणि रिपोर्टनं शाबासकी दिली नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्यांची संख्या बघितली की ही गोष्ट सांगायलाच हवी असं वाटतं.

एप्रिलच्या त्या रिपोर्टमध्ये आणखी एक गंमतशीर प्रकार दडलेला आहे. बहुतेकांच्या तो लक्षातच येत नाही. त्या दिवशीचे बाकीचे आकडे असे होते: एकूण कोलेस्टेरॉल 204, एचडीएल 42, ट्रायग्लिसराइड 205. आदल्या आठवड्यात घरात लग्न होतं. आता एलडीएलचा आकडा कुठून आला ते बघू. पुष्कळ लॅबमध्ये एलडीएल मोजतच नाहीत, ते काढतात. 1972 साली विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेड्रिक्सन यांनी एक सूत्र दिलं. एलडीएल स्वतंत्रपणे मोजायला त्या काळी अतिवेगवान सेंट्रिफ्यूज लागायचा आणि तो मोजक्याच ठिकाणी होता. म्हणून त्यांनी सुचवलं की एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, आणि व्हीएलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलसाठी म्हणून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. उरलं ते एलडीएल.

LDL = TC − HDL − TG/5

जानेवारीत 212 मधून 44 गेले, 150 चा पाचवा भाग 30 गेला, उरले 138. एप्रिलमध्ये 204 मधून 42 गेले, 205 चा पाचवा भाग 41 गेला, उरले 121. आता 17 अंकांच्या घटीचा हिशेब मांडा. एकूण कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे 8 गेले. एचडीएल दोननं कमी झालं म्हणून 2 परत आले. उरलेले 11 अंक केवळ ट्रायग्लिसराइड वाढल्यामुळे वजा झाले. म्हणजे ज्या सुधारणेचं श्रेय लसणाला मिळालं, तिचा मोठा भाग लग्नाच्या पंगतीतून आला होता! ट्रायग्लिसराइड चढलं, सूत्रानं जास्त वजाबाकी केली आणि एलडीएल चांगलं दिसलं.

यात सूत्राचा पूर्ण दोष आहे असं नाही. ट्रायग्लिसराइड वाढतं तेव्हा थोडं कोलेस्टेरॉल खरंच व्हीएलडीएलमध्ये असतं. पण ‘पाच’ हा भागाकार सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ट्रायग्लिसराइड जसं चढतं, तशा व्हीएलडीएलच्या कणांत चरबी जास्त आणि कोलेस्टेरॉल प्रमाणानं कमी होत जातं, त्यामुळे सूत्र गरजेपेक्षा जास्त वजा करतं आणि एलडीएल खोटं कमी दाखवतं. 400 च्या पुढे तर सूत्र वापरूच नये, हे मूळ लेखकांनीच सांगितलं होतं. हा दोष कमी करणारी नवी सूत्रं आली आहेत. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन आणि सहकाऱ्यांनी एक दिलं, 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या सॅम्पसन यांनी दुसरं. काही लॅब एलडीएल थेट रसायनानं मोजतात आणि तशी नोंद रिपोर्टवर ‘डायरेक्ट’ म्हणून करतात. थेट मोजलेलं आणि सूत्रानं काढलेलं, हे दोन आकडे एकाच रक्ताचेही जुळतीलच असं नाही. त्यामुळे एका वेळी एका लॅबमध्ये, पुढच्या वेळी सवलतीच्या पॅकेजवर दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं, तर वर सांगितलेलं पाव हिश्श्याचं गणितही तोकडं पडतं. त्या गणितात लॅब आणि पद्धत दोन्ही वेळेला एकच धरलेली असते.

या घोळातून सुटायची एक साधी वाट रिपोर्टवरच असते. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करायचं. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. यात पाचनं भागायचं नाही, म्हणून ट्रायग्लिसराइडची चूक सूत्रावाटे आत येत नाही, आणि उपाशीपोटी असण्याचीही तेवढी गरज नाही. आपल्या गृहस्थांचं ते जानेवारीत 168, एप्रिलमध्ये 162. काही आठवड्यांत मोठी क्रांती झाल्याचा दावा करणारा एलडीएलचा आकडा आणि जवळजवळ जागेवरच बसलेलं नॉन-एचडीएल, एकाच कागदावर शेजारीशेजारी. माझ्या मते, दोन रिपोर्टची तुलना करायची असेल तर आधी हाच आकडा बघावा.

आतापर्यंत बोललो ते न टाळता येणाऱ्या हेलकाव्याबद्दल. काही फरक मात्र टाळता येण्यासारखे असतात आणि ते रक्त घेण्याच्या पाच मिनिटांत ठरतात. उभं राहिलं की रक्तवाहिन्यांतलं पाणी थोडं बाहेर ऊतींत उतरतं. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण मोठे असल्यानं ते आतच राहतात, म्हणजे रक्त थोडं घट्ट होतं. आडवं झालं की पाणी परत येतं. उभा असलेला माणूस वीस मिनिटं आडवा झाला, तर त्याचं कोलेस्टेरॉल दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. लॅबमध्ये जिने चढून जाऊन लगेच खुर्चीत बसून दिलेलं रक्त आणि सकाळी घरी आलेल्या मुलाला अंथरुणातूनच हात पुढे करून दिलेलं रक्त, या दोन्हींत एवढा फरक निव्वळ अंगस्थितीचा असू शकतो. म्हणून दर वेळी किमान पाच मिनिटं शांत बसून मगच रक्त द्यावं. दंडाला बांधलेला रबरी पट्टा शीर सापडेना म्हणून बराच वेळ तसाच आवळलेला राहिला, तरी हाच परिणाम होतो. मिनिटाच्या आत तो सैल व्हायला हवा, आणि हे मागायचा रुग्णाला हक्क आहे.

आजारपणाचं वेगळंच. मोठा ताप, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया किंवा हार्ट अटॅक यानंतर एलडीएल खाली येतं आणि पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी दोनेक महिने लागतात. हा हेलकावा नाही. रक्तात ते खरोखरच कमी झालेलं असतं, पण ते त्या माणसाचं नेहमीचं एलडीएल नसतं. अटॅक आलेल्या माणसाचं रक्त पहिल्या चोवीस तासांत तपासायला सांगतात ते याचसाठी. डेंग्यूतून उठल्यावर पंधरा दिवसांत ‘फुल बॉडी चेकअप’ करून आलेलं सुरेख एलडीएल बघून गोळी बंद करणं धोक्याचं आहे.

आणखी एका सापळ्याबद्दल बोलायला हवं, कारण तो घराघरात लसूण, अर्जुनाची साल, मेथ्या आणि कसल्याकसल्या पुड्या विकत असतो. एखाद्या कंपनीत आरोग्य शिबिर झालं आणि ज्यांचं एलडीएल सर्वात जास्त आलं त्या वीस जणांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. या वीस जणांत दोन प्रकारचे लोक असतात. काहींचं एलडीएल खरंच जास्त असतं. काहींचं नेहमीचं मध्यमच असतं, पण त्या दिवशी हेलकावा वरच्या बाजूला गेला म्हणून ते यादीत आले. दुसऱ्यांदा तपासताना या दुसऱ्या गटातल्या माणसांचा हेलकावा पुन्हा वरच जाईल असं काही कारण नाही. त्यामुळे एकही उपाय न करता सगळ्या गटाची सरासरी खाली येते. फ्रान्सिस गॉल्टननं 1886 मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीबद्दल जे लिहिलं, तेच हे. टोकाचा आकडा दुसऱ्या मोजणीत मध्याकडे सरकतो. मधल्या काळात त्या माणसानं जे काही घेतलं असेल, त्याला यश मिळतं. माणूस तपासणी करतो तो बहुधा जास्त आल्यावरच पुन्हा करतो, आणि म्हणूनच ‘मला फरक पडला’ हे वाक्य जवळपास प्रत्येक उपायाच्या वाट्याला येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण तेवढ्यावरून त्या पुडीबद्दल काहीच कळत नाही.

मग खरा बदल कधी दिसतो? तो मोठा असतो तेव्हा. स्टॅटिनच्या मध्यम मात्रेनं एलडीएल साधारण 30 ते 50 टक्के उतरतं, मोठ्या मात्रेनं निम्म्याहून जास्त. हे पाव हिश्श्याच्या पलीकडे आहे, म्हणून चार ते बारा आठवड्यांनंतरच्या एकाच तपासणीत गोळी लागू पडली की नाही ते सहसा दिसतं. उतार आलाच नाही, तर पहिला प्रश्न गोळी रोज घेतली का, हाच असतो. पण तीच मात्रा दुप्पट केली, तर आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास घट मिळते. 90 चं 85. ही सहा टक्के कुठल्याही दोन रिपोर्टच्या तुलनेत दिसणं शक्य नाही. मात्रा वाढवल्यावर आकडा 78 आला म्हणून आनंद आणि 97 आला म्हणून निराशा, दोन्ही अनाठायी.

हाच मुद्दा फार मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 9,014 हृदयरुग्णांवर प्रवास्टॅटिनची एक चाचणी झाली होती. तिच्या वर्षानुवर्षांच्या कोलेस्टेरॉलच्या नोंदी पॉल ग्लाझिऊ आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुन्हा उलगडून पाहिल्या. नियमित गोळी घेणाऱ्या माणसाचं कोलेस्टेरॉल एका वर्षात खरोखर जेवढं बदलतं, त्यापेक्षा त्याचा अल्पकाळाचा हेलकावा कितीतरी मोठा निघाला. तो सुमारे सात टक्के होता. वर्षाच्या तपासणीत दिसणाऱ्या वाढींपैकी पुष्कळ खोट्या असू शकतात आणि स्थिर रुग्णांमध्ये तपासण्यांमधलं अंतर वाढवायला हरकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे दर तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून घेणारी माणसं आहेत. गोळी सुरू करण्याच्या किंवा बदलण्याच्या काळात त्याला अर्थ आहे. सगळं स्थिर असताना दर तिमाहीला तपासणं म्हणजे हेलकावाच पुन्हा पुन्हा मोजणं.

सीमारेषेवरच्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतो. एकाच आकड्यावरून निर्णय घ्यायचा असेल तर 136 म्हणजे प्रत्यक्षात 112 ते 160 मधलं काहीही असू शकतं. हे वाचून दचकायला होतं, पण उपाय साधा आहे, सरासरी घेणं. काही आठवड्यांच्या अंतरानं, त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं, आजारपण नसताना दोन किंवा तीन वेळा तपासायचं. तीन आकड्यांच्या सरासरीत हेलकावा वर्गमुळाच्या हिशेबानं कमी होतो, म्हणजे 9 टक्क्यांचा पाचाच्या आसपास येतो. आपल्या गृहस्थांच्या 138, 121 आणि 148 ची सरासरी 136 येते आणि आता तिच्या दोन्ही बाजूंना 24 ऐवजी 14 अंकांची पट्टी उरते. त्यांचं नेहमीचं एलडीएल 122 ते 150 च्या दरम्यान आहे, असं बऱ्यापैकी भरवशानं म्हणता येतं. जानेवारीतलं ‘हाय’, एप्रिलमधलं ‘नॉर्मल’ आणि ऑगस्टमधलं ‘हाय’, तिन्ही एकाच माणसाच्या एकाच स्थितीचे फोटो होते.

हा हिशेब घेऊन ते डॉक्टरांकडे गेले असं धरू. वडिलांना पन्नाशीत हार्ट अटॅक, स्वतःला मधुमेह आणि रक्तदाब. डॉक्टरांनी थायरॉइड तपासून घेतलं, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल खरोखर चढतं आणि तिथे उपाय निराळा असतो. ते ठीक निघालं. मग स्टॅटिनची मध्यम मात्रा सुरू झाली. इथे 130 च्या रेषेवरून वाद घालण्यासारखं काही नव्हतं, एवढे धोके एकत्र असताना 122 काय आणि 150 काय, गोळी हवीच होती. आठ आठवड्यांनी एलडीएल 84 आलं. सरासरीच्या 136 पासून ही 38 टक्क्यांची घट. तीन आकड्यांची सरासरी आणि एक नवा आकडा यांच्या तुलनेत हेलकाव्याची मर्यादा 25 वरून 20 टक्क्यांवर येते, आणि 38 तिच्या बरंच पलीकडे आहे. गोळी लागू पडली. आणखी काही महिन्यांनी 91 आलं. घरात पुन्हा थोडी कुजबुज झाली, मात्रा वाढवायची का अशी. वाढ 8 टक्के होती. डॉक्टरांनी गोळी रोज घेता ना एवढं विचारलं, तीच मात्रा पुढे लिहून दिली आणि पुढची तपासणी वर्षानं करायला सांगितली.